पुसलेलं उत्तर

त्या दिवशी ह्यांनी फळ्यावरचं उत्तर पुसलं आणि दुसरं लिहिलं.

हे जालन्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि यांची नोकरी तात्पुरती झाली. कायम व्हायची असेल तर तपासणीच्या साहेबासमोर पाठ घ्यायचा होता.

उष्णतेचा धडा ह्यांनी आकाशातून आणला. एक लघुग्रह जमिनीवर आदळतो, त्याची ऊर्जा वीस हजार टन टीएनटी स्फोटकाइतकी आहे. तर ती किती ज्यूल? आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघांनी गणित सोडवलं होतं. एक ग्रॅम टीएनटी म्हणजे हजार कॅलरी धरायच्या. टनात ग्रॅम दहा लाख, म्हणजे टनाच्या कॅलरी शंभर कोटी. एका कॅलरीचे ४.१८ ज्यूल. वीस हजार टनांचे झाले ८.३६ गुणिले दहाचा तेरावा घात. ताळा मी केला होता.

वर्गात ह्यांनी हेच लिहिलं. मागच्या बाकावरून साहेब म्हणाला, "मास्तर, सात शून्यं खाल्लीत की. निजामाकडं शून्यांचा तुटवडा होता काय?"

पोरं हसली.

त्या काळी जो तो ४.१८ गुणिले दहाचा सातवा घात एवढंच घोकून पास झालेला. तो आकडा अर्गचा, म्हणजे ऊर्जेच्या जुन्या, लहान मापाचा. एका ज्यूलमध्ये एक कोटी अर्ग, म्हणून तिथं सातवा घात. ज्यूल काढताना तो लागत नाही. ह्यांनी ते सांगायला तोंड उघडलं. साहेबानं पुस्तक वर धरलं आणि फळ्याकडं बोट केलं. ह्यांनी तेरावा घात पुसून विसावा केला. शेजारी 'ज्यूल' तसंच राहिलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं.

घरी येऊन ह्यांनी घडलं ते सांगितलं. मी म्हटलं, अहो, उद्या 'ज्यूल' खोडून 'अर्ग' लिहा, उत्तर आपोआप बरोबर होईल.

"मंग साहेब चुकला, असं पोरांना सांगू? कायम करायचा कागद अजून त्याच्याच हातात हाय."

कागद आला. हे कायम झाले. पेढे आणले, शेजारी मीच वाटले. त्यानंतर मात्र तो धडा आला की हे पुस्तकातून वाचून दाखवायचे, खडू उचलायचे नाहीत. लोणारचं तळं ज्वालामुखीचं की आकाशातल्या दगडाचं, यावर पूर्वी जेवताना वाद घालायचे, तेही थांबलं. मी विषय काढला तर म्हणायचे, "आपल्याला काय करायचंय." कायम नोकरीतला माणूस असा बोलतो, हे मी पाहून घेतलं.

पुढं तो साहेब बढती घेऊन गेला. हे त्याच शाळेत राहिले, आणि नोकरीत असतानाच गेले. शाळेनं शोकसभा घेतली. कधी चुकले नाहीत असे शिक्षक, असं कुणीतरी म्हणालं.

आता घरात मी एकटी आहे. वीस हजार टनांचे ज्यूल किती, ते मला पाठ आहे.