परिपत्रकातलं नाव

आनंदाची बातमी आली की मला आधी भीतीच वाटते. हा माझा स्वभावच आहे. घरचे चिडवतात, म्हणतात की हिला पेढा दिला तरी ही आधी त्यात खडा आहे का ते पाहील. त्यामुळे आमच्या प्रसूतिकक्षाला राष्ट्रीय मानांकन मिळाल्याचं पत्र आलं, सगळे टाळ्या वाजवायला लागले, तेव्हाही मी, इन्चार्ज सिस्टर, पहिल्यांदा दाराकडे पाहिलं. आता काय येणार या दारातून, असं मनात आलं.

गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं रुग्णालय तसं लहानच आहे. मानांकनासाठी दिल्लीकडून नेमलेले दोन मूल्यमापक आले होते तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भली मोठी तपासणी-यादी हातात घेऊन ते प्रत्येक खोलीत फिरले. डॉक्टरांना त्यांनी बाळंतिणीला अतिरक्तस्राव झाला तर काय कराल ते प्रत्यक्ष करून दाखवायला सांगितलं. मला कळांचा आलेख भरायला लावला. पलंगावरच्या बाळंतिणींना विचारलं, तुमच्याशी कोणी ओरडून बोललं का, सोबत घरची बाई राहू दिली का? आणि मग ते वळले आमच्या सफाईवाल्या मावशीकडे.

मावशी ब्रह्मपुरीकडची. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन इकडे आली आणि ठेकेदाराच्या एजन्सीतून आमच्याकडे लागली. प्रसूतीनंतरचं टेबल पुसणं, सांडलेलं रक्त निर्जंतुक करणं, वार पिवळ्या पिशवीत आणि वापरलेले हातमोजे लाल पिशवीत टाकणं, हे सगळं तिच्याकडे. मूल्यमापकांनी तिला रक्त सांडलं तर काय करता ते विचारलं. आम्ही शिकवलेलं तिने सगळं नीट करून दाखवलं. शेवटी हात धुण्याच्या पायऱ्यांमध्ये अंगठा राहिला तो तिने परत येऊन धुतला, त्यावर ते दोघं हसले. आमच्याही अंगातला ताण तेव्हा कुठे सैल झाला.

तर, पत्र आल्यावर अभिनंदनाचं परिपत्रक काढायचं ठरलं. आमच्या ऑफिसच्या बाबूंकडे त्याचा मजकूर तयारच असतो. 'वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व सर्व संबंधितांचे अभिनंदन.' मी अडून बसले. म्हटलं, सर्व संबंधित म्हणजे कोण? वॉर्डबॉय, मावशी, धुलाईवाला, यांची नावं घाला आणि कोणी काय केलं तेही लिहा. बाबू म्हणाले, "सिस्टर, ते एजन्सीचे लोक, आपल्या आस्थापनेवर नाईत. त्यांचं नाव कसं टाकू?" मी सरळ अधीक्षक साहेबांकडे गेले. साहेबांचा मूड चांगला होता, ते म्हणाले, टाका.

मग परिपत्रकात डॉक्टरांच्या खाली, आमच्या खाली, मावशीचं पूर्ण नाव आलं. पुढे वाक्य होतं, 'यांनी प्रसूतिकक्षातील स्वच्छता व जंतुसंसर्ग नियंत्रणाची जबाबदारी चोख पार पाडली.' जावक क्रमांक पडला, साहेबांची सही झाली, प्रत सर्व विभागांना, प्रत सूचना फलकाला, प्रत एजन्सीच्या सुपरवायझरला. मावशी फलकापुढे उभी राहिली आणि काचेवर बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेली. स्वतःच्या नावाशी बोट थांबलं. तिच्या मुलीने मोबाइलमध्ये फोटो काढला, त्याची प्रत काढून चौकटीत बसवली आणि घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावली. मावशीने मला ते सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं, उगीच खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात जंगलपट्टीतल्या एका गावची पहिलटकरीण आली. प्रसूती सरळ झाली, थोडे टाके पडले, बाळ ठणठणीत. घरी सोडायच्या दिवशी तिला ताप भरला. साधासुधा नाही, अंग भाजेल असा. बाळंतिणीला असा ताप आला की आमच्या मनात एकच गोष्ट येते, गर्भाशयात जंतुसंसर्ग. त्यातून बाई हातची जाते, मी जाताना पाहिली आहे. डॉक्टरांनी लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, टाके तपासले, अंगावरचा स्राव तपासला. टाके स्वच्छ होते. तरी ताप हटेना.

संसर्ग-नियंत्रण समितीची बैठक बोलावली गेली. मानांकन ताजं, राज्याचं पथक कधीही न सांगता येऊ शकतं, आणि त्यात ही बाई. सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. कोणीतरी फलकावरचं परिपत्रक मोबाइलवर उघडलं आणि विचारलं, "संसर्गाचं काम कोणाकडे आहे?" उत्तर छापलेलंच होतं. मावशीचं नाव, पुढे जबाबदारी. ज्या ओळीसाठी मी भांडले होते तीच ओळ आता त्या टेबलावर फिरत होती. मी म्हटलं की टेबल ती पुसते, पण उपकरणं निर्जंतुक आम्ही करतो, टाके डॉक्टर घालतात, जबाबदारी सगळ्यांची आहे. साहेब म्हणाले, "कोणी काही म्हणत नाही हो सिस्टर. अहवाल येऊ द्या."

प्रसूतीचं टेबल, ट्रे, नळ, सगळीकडचे नमुने घेऊन चंद्रपूरला तपासणीला पाठवले. अहवालाला काही दिवस लागणार होते. एजन्सीचा सुपरवायझर मात्र थांबला नाही. त्याने मावशीला सांगून टाकलं की रिपोर्ट येईपर्यंत येऊ नको, आणि रिपोर्ट खराब आला तर मग येऊच नको. लेखी काही नाही. फोनवर.

दुसऱ्या दिवशी मावशी तरीही आली. आत नाही, सायकल स्टँडपाशी बसून होती. मी चहा घेऊन गेले.

"सिस्टर, त्या दिवशी मी टेबल पुसलं होतं ना? तुमाले आठवते?"

"पुसलं होतं मावशी. मी होते तिथे."

"दवाईचं पाणी बराबर केलं होतं ना? काल रातभर मले तेच आठवून राह्यलं. कधी वाटते केलं, कधी वाटते नाई केलं." तिने चहा तसाच खाली ठेवला. "ते पोरगी मेली तं माझ्याच हातानं मेली, असं होईन का?"

मला 'नाही होणार' असं म्हणायचं होतं. पण मलाही त्या दिवसातलं काही नीट आठवेना. कक्षात सलग बाळंतपणं चालली होती, आणि मी जे 'पाहिलं' म्हणत होते ते खरंच पाहिलं होतं की रोज पाहते म्हणून त्या दिवशीही पाहिलं असं वाटत होतं? भीती अशी आत शिरली की माणसाला स्वतःचीही साक्ष पटत नाही. मी नुसतं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आत पळाले.

संध्याकाळी त्या बाळंतिणीला हुडहुडी भरली. दोन ब्लँकेटं घातली तरी पलंग हलत होता. दात वाजत होते. मला वाटलं, झालं, विष रक्तात भिनलं. मी डॉक्टरांना हाक मारायला वळले तेव्हा तिची सासू बाळ मांडीवर घेऊन म्हणाली, "काल बी याच टायमाले अशीच कापत होती बाई. मंग घाम फुटते अन् सकाळी उठून चहा मागते."

मी तिथेच थांबले. आमच्या जिल्ह्यात कोणालाही ताप आला, मग तो शाळकरी पोर असो की फॉरेस्टचा साहेब, आधी बोटाला सुई टोचतात. मलेरिया आहे की नाही ते पाहतात. इथल्या आशाताईसुद्धा झोळीत ती किट घेऊन फिरतात. आणि आम्ही, मानांकन मिळवलेले, या बाईला ताप आल्यावर ती चाचणी केलीच नव्हती. दाखल होताना केली होती, तेव्हा ताप नव्हता आणि चाचणी निगेटिव्ह होती, तो कागद फाइलला लागलेला होता. तो बघून सगळे पुढे गेले. नवं बाळंतपण, नवं मानांकन, नवं परिपत्रक. सगळ्यांचे डोळे फरशीवर आणि ट्रेवर होते.

मी स्वतः सुई टोचली. किटवर दुसरी रेघ उमटली तेव्हा माझे डोळे भरून आले. मलेरियाची रेघ पाहून आनंद झालेली मी पहिलीच परिचारिका असेन. तंत्रज्ञांनी काचपट्टीवर रक्त तपासून खात्री केली, डॉक्टरांनी तिथल्या तिथे औषध बदललं. अहवाल येईपर्यंत अँटिबायोटिकही चालू ठेवलं. ताप उतरला. यथावकाश चंद्रपूरचे अहवाल आले, सगळे स्वच्छ. ती पोरगी बाळाला घेऊन एसटीने घरी गेली.

मी बाबूंना म्हटलं, आता एक पत्र काढा, मावशीचा यात काही दोष नव्हता म्हणून. बाबू खरोखरच गोंधळले. "कोणत्या पत्राच्या संदर्भात काढू सिस्टर? तिच्यावर लेखी आरोप तं कुठीच नाई." त्यांचं बरोबर होतं. शाबासकीला जावक क्रमांक होता, आरोपाला नव्हता, मग दोषमुक्तीला कुठून येणार? मला इतका राग आला की मी दार आपटून बाहेर पडले, आणि सुपरवायझरला फोन करून मावशीला परत बोलावून घेतलं. घेतलं त्याने. उपकार केल्यासारखं घेतलं.

मावशी पुन्हा कामाला लागली, पण ती बदलली होती. टेबल पुसून झालं की मला हाक मारायची, "सिस्टर, पाहून घ्या." मी पाहिल्याशिवाय हलायची नाही. मुलीने लावलेली ती चौकट तिने भिंतीवरून उतरवली, असं मुलीकडूनच कळलं.

पुढच्या वर्षी राज्याचं पथक फेरतपासणीला आलं आणि मानांकन टिकलं. या वेळी बाबू स्वतःच माझ्याकडे आले, म्हणाले, नावं द्या सिस्टर, मागच्यासारखंच काढू. मी मावशीला विचारायला गेले. ती ट्रे धूत होती. तिने नळ बंद केला.

"काम करीन मी सिस्टर. मायं नाव नका टाकू."

मी हातातल्या यादीतलं तिचं नाव खोडलं. यातून काही वाईट होणार नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

परिपत्रक फलकावर लागलं त्या दिवशी मी लांबून पाहत होते. मावशी हात पुसत आली, काचेवर बोट ठेवलं आणि मागच्यासारखीच ओळ ओळ वाचत गेली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग परत वरून एकदा पाहिलं. आपलं नाव कुठेच नाही याची खात्री झाली तेव्हा तिने श्वास सोडला आणि बादली उचलून आत गेली.