आखडलेल्या बोटांचा जाब

शिवणकाम करणाऱ्या मावशी पडल्या आणि मनगटापाशी हाड मोडलं. प्लास्टर घातल्यावर कळा वाढतच गेल्या, बोटं सुजून बधिर झाली. त्याच संध्याकाळी त्या परत गेल्या, तर डॉक्टर खुर्चीतूनच म्हणाले, "हाड मोडलंय बाई, दुखणारच की!" पुढे हाड छान जुळलं, पण बोटं कायमची आखडली.

ग्राहक आयोगासमोर डॉक्टरांच्या वकिलांनी मूळ दुखापतीकडेच बोट दाखवलं. "प्लास्टर नसतं, तरी सूज आली असती ना?"

तज्ज्ञ म्हणून आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आली असती. म्हणूनच कळा वाढल्याची तक्रार येताच प्लास्टर लगेच कापून हात बघायचा असतो. प्लास्टरआधी बोटं नीट हलत होती. त्या संध्याकाळी कापलं असतं, तर बहुधा वाचली असती."

"बहुधा?"

"हो. वाचण्याचीच शक्यता जास्त होती."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. धाकटी जाऊ कुजबुजली, "अहो ताई, त्या आपल्या बाजूनं बोलल्या. रडता कशाला?"

"अगं, आजवर रोज दिवा लावताना मी देवालाच बोल लावत होते गं!"