रक्ताचा वेग आणि माझी फुशारकी

जिना चढताना मधेच थांबायचं असेल तर फोन कानाला लावावा. हा माझा शोध. धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक कीव करत बघतात; फोनवर बोलणाऱ्याला वाट करून देतात. अमरावतीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर जाताना मी वर्षभर असा थांबत होतो आणि समोर कोणीही नसताना "हो हो, पाहू, सांगतो" असं म्हणत होतो.

अकोल्यात लेकीकडे गेलो, तर लिफ्ट बंद. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. मधल्या वळणावर मी नेहमीप्रमाणे फोन काढला. "हो हो, पाहू," म्हणतोय तोच कानाशीच फोन वाजला. वरून लेक वाकून बघत होती. फोन तिचाच.

"बाबा, कोणाशी बोलून राहिले होते?"

मी कठडा धरून नुसता धापा टाकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हृदयाच्या डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टरबाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी छातीला नळी लावली, ती गळ्यापाशी नेली, पुन्हा छातीवर आणली आणि विचारलं, "काका, जिना चढताना धाप लागते?"

"छे! वयाच्या मानानं उत्तम आहे."

लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डाव्या कुशीवर निजवून छातीवर गार जेल लावलं. पडद्यावर करडं-काळं काहीतरी उघडमीट करत होतं. ते माझं हृदय! आयुष्यभर मी त्याची ख्यालीखुशाली न विचारता ते माझ्यासाठी राबत होतं, आणि मी त्याला पहिल्यांदा भेटत होतो, तेही बनियन वर करून. बाईंनी एक बटण दाबलं आणि आवाज आला. बंद खिडकीच्या फटीतून वादळ आत शिरावं तसा, दर ठोक्याला. मी श्वास धरून ऐकत राहिलो.

"वेग साडेचारच्या वर," बाई म्हणाल्या. "सेकंदाला साडेचार मीटर."

"आणि असायला किती पाहिजे?"

"एक, फार तर दीड."

मी पडल्या पडल्या लेकीकडे मान वळवली. "पाहिलंस? तिपटीनं धावून राहिलं रक्त! जवान माणसाचं धावते काय असं?"

बाईंनी हसू दाबलं. मग त्या गंभीर झाल्या. "काका, उन्हाळ्यात कूलरचा वाळा भिजवता ना?"

"रोज."

"पाणी वरच्या कोपऱ्यापर्यंत जावं म्हणून काय करता?"

"पाइपाच्या तोंडावर अंगठा," मी म्हणालो, आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

"वेग तिथूनच येतो. तोंड अरुंद झालं म्हणून."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथं तीन पाकळ्यांची झडप असते. चांगली असली तर रुपयाच्या नाण्याएवढी उघडते. माझ्या पाकळ्यांवर वर्षानुवर्षं चुना साचला होता. आता झडप जेमतेम शर्टाच्या बटणाएवढी उघडत होती. तेवढ्यातून सगळं रक्त ढकलताना मागच्या स्नायूची भिंत जाड झाली होती. त्याची ताकद अजून टिकून होती, पण जिना चढताना शरीर जास्त रक्त मागतं आणि त्या फटीतून ते पुरेसं निघत नाही. म्हणून धाप.

मला कूलर आठवला. अंगठा जास्त दाबला की मागे नळावरून पाइप फटकन सुटतो. या बिचाऱ्याला सुटायचीही सोय नव्हती.

"गोळीनं उघडते?"

"नाही. झडप बदलावी लागते. छाती उघडून, नाहीतर जांघेतल्या रक्तवाहिनीतून. तुम्हाला काय योग्य, ते पुढच्या तपासण्यांनंतर ठरवू. पण एक गोष्ट मशीन सांगत नाही. अरुंद आहे, हे तिनं सांगितलं. त्रास होतो की नाही, हे तुम्ही सांगायचं. होत असेल तर थांबण्यात धोका आहे. परत विचारते. धाप लागते?"

मशीनचा आवाज बंद झाला होता, पण पडद्यावर हृदय चाललंच होतं. एवढ्याशा फटीतून, न कुरकुरता, माझ्या थापांसकट मला वर्षभर जिन्यानं वर नेत होतं. त्याच्यासमोर खोटं बोलायची मला लाज वाटली.

"लागते," मी म्हणालो. "वर्षभर."

बाईंनी तपासण्या लिहून दिल्या. दगदग करायची नाही, आणि चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसायचं नाही, सरळ यायचं.

त्या संध्याकाळी अमरावतीला पोचलो. मधल्या वळणावर पायरीवर बसलो. फोन खिशात होता. तो वाजला. खराच. वरून बायको.

"कुठी हाये तुमी? फाटक वाजलं, तवापासून वाट पाहून राहिली."

"जिन्यात बसलो आहे," मी म्हणालो. "धाप लागली."

तिनं फोन ठेवला. मग तिच्या चपला वाजत खाली येऊ लागल्या.