सहामाही हप्ता

बहारीनची राजधानी मनामा, तिथल्या एका छोट्या भाषांतर कार्यालयात मी इटालियनचं काम बघतो. ही भाषा मी शाळेत शिकलेलो नाही. जेनोव्हाहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांवर हिशेबनीसाच्या हाताखाली बरीच वर्षं काढली, तिथे ती अंगात मुरली. पण बहारीनमध्ये इटालियन कागद क्वचितच येतात. एरवी माझ्या टेबलावर असतात ते आपल्याकडच्या पतसंस्थांचे आणि सहकारी बँकांचे उतारे. ते इंग्रजीत करायचे, खाली कार्यालयाचा शिक्का मारायचा आणि गिऱ्हाइकाने ते इथल्या बँकेत द्यायचे.

म्हणून सलमाबादच्या औद्योगिक वस्तीतून एक एसी मेकॅनिक इटालियन कागद घेऊन आला तेव्हा मला फार आनंद झाला. गृहस्थ मूळ रत्नागिरीचा, माझ्याच वयाचा. उत्तर इटलीत एका शीतगृहाच्या कारखान्यात त्याने उमेदीची वर्षं घालवली, तिथे कर्ज काढून घर घेतलं आणि पुढे ते भाड्याने देऊन इकडे आला. आता तो ज्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता त्याचा मालक कायमचा गावी निघाला होता. मालक ते त्यालाच विकणार होता, पण पुढच्या गुरुवारपर्यंत कर्जाला बँकेची मंजुरी दाखव, नाहीतर रोख देणारा दुसरा तयार आहे, असं त्याने सांगितलं होतं. आणि बँक म्हणत होती, इटलीतल्या कर्जाचे कागद इंग्रजीत आणा. जुने आणि नवे सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आत बसले तरच कर्ज.

"साहेब, नीट करा हां," तो म्हणाला. "त्या वर्कशॉपातला एकेक पाना मना वळखतो."

कागद दोन प्रकारचे होते. एक मूतुओचं, म्हणजे घरकर्जाचं, परतफेडीचं वेळापत्रक आणि दुसरा खात्याचा वर्षभराचा उतारा. वेळापत्रकाचं पहिलं पान, ज्यावर कर्जाच्या अटी असतात, ते त्याच्याकडे नव्हतं. नुसते तक्ते होते. तास्सो म्हणजे व्याजदर, राता म्हणजे हप्ता, मग हप्त्यातला मुद्दलाचा भाग, व्याजाचा भाग आणि शेवटी उरलेलं कर्ज. मी एका दुपारी सगळं हातावेगळं केलं. आकडा न् आकडा दोनदा ताडून पाहिला. इटालियन लोक हजारानंतर टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम देतात, तेही सगळीकडे बदललं. आणि रातेच्या रकान्यावर 'ईएमआय' असं लिहिलं. बँकेतली बहुतेक मंडळी आपल्याकडचीच, त्यांना तोच शब्द पटकन कळतो. पतसंस्थांच्या कागदांवर मी रोज हेच लिहितो.

रविवारी त्याचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"साहेब, बँक नाय म्हणते. मॅडम बोलल्या, तुमचा जवळजवळ सगळा पगार दर महिन्याला इटलीलाच जातो."

"दर महिन्याला?"

"तर काय! मी त भरतो जूनला आन् डिसेंबरला. वर्षात दोनदा. मना वाटलं, मॅडमची गंमत चाललीय."

मी फोन तसाच धरून तक्ता उघडला. तारखांचा रकाना माझ्यासमोर होता. तीस जून, एकतीस डिसेंबर, पुन्हा तीस जून. त्या तारखा मीच टाइप केल्या होत्या, अगदी बिनचूक, आणि त्यांच्या शेजारी 'मासिक हप्ता' असा अर्थ देणारा शब्दही मीच घातला होता. आपल्याकडे घराचं कर्ज म्हटलं की हप्ता महिन्याचाच, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की डोळ्यांनी पाहिलं तरी मनाने वाचलं नाही. तिकडच्या गावांतल्या लहान बँका सहामाही हप्ते लावतात हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही.

आमच्या बहारीनी मालकीणबाईंना मी लगेच सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "नवीन प्रत काढ, शिक्का मार, त्याच्या हाती दे. खलास."

"नुसती नवी प्रत चालणार नाही," मी म्हणालो. "बँकेला वाटेल, नकार आला म्हणून त्याने कागद फिरवले. चूक आमची, असं पत्र हवं. आणि मी स्वतः जातो."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. मग लेटरहेडचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "यल्ला, लिही. सही मी करते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बँकेत गेलो. कर्जाच्या टेबलावरच्या मॅडम पुण्याच्या निघाल्या. मी पत्र पुढे केलं आणि सांगितलं, "मॅडम, यात यांचा काही दोष नाही. ईएमआय मी लिहिलं. ते चूक आहे. हप्ता सहामाही आहे."

"अहो, मग आधी नाही का बघायचं?" त्या म्हणाल्या. "आता मी वर काय सांगू? काल मासिक, आज सहामाही?"

मेकॅनिकला राहवेना. "ताई, एवढा हप्ता मी दर महिन्याला भरीत असतो, तर जेवलो काय असतो? गॅस? एसीतला?"

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "काका, विनोदावर कर्ज मिळत नाही. पुरावा दाखवा."

पुरावा कागदातच होता. मी बोट ठेवलं. "हे उरलेलं कर्ज, चाळीस हजार युरो. तास्सो तीन टक्के, वर्षाचा. म्हणजे वर्षाचं व्याज बाराशे, महिन्याचं शंभर. आता पुढच्या रातेतला व्याजाचा भाग बघा."

"सहाशे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे किती महिन्यांचं?"

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, पण बटण दाबलंच नाही. "सहा."

मग मी खात्याचा उतारा उघडला. वर्षभरात 'राता मूतुओ' अशी कपात फक्त दोनदा होती. दोन्ही वेळा अठराशे युरो. एकदा जूनअखेर, एकदा डिसेंबरअखेर. मधल्या महिन्यांत फक्त घरभाडं जमा.

मॅडमनी अठराशेला सहाने भागलं, तीनशेचे दिनार केले, त्यात नव्या कर्जाचा हप्ता मिळवला आणि पगाराच्या निम्म्याशी ताडला. मी त्यांच्या पेनाकडे बघत होतो. पेन थांबलं.

"बसतंय," त्या म्हणाल्या. "आरामात बसतंय. फाइल आजच पुन्हा वर पाठवते. तुमचं पत्र सोबत लावते. ते नसतं तर मी हात लावला नसता."

बुधवारी दुपारी मेकॅनिक आमच्या कार्यालयाच्या दारात उभा राहिला आणि आत यायच्या आधीच ओरडला, "झाला! मंजूर झाला!" मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. शेजारच्या टायपिंग सेंटरातली माणसं डोकावली. काय झालं हे कुणाला ठाऊक नव्हतं, तरी त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मी त्याचे पहिल्या कामाचे पैसे परत द्यायला पाकिटात घालून ठेवले होते. ते पुढे केले तर त्याने हात मागे घेतला.

"ठेवा तुमच्याकडे. आन् गाडीत बसा."

त्याने मला सलमाबादला नेलं. मालकाने मंजुरीचं पत्र वाचलं, घडी घातली आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. त्याने त्यातली एक किल्ली शोधून माझ्यापुढे धरली.

"साहेब, शटर तुम्ही उचला."

"मी कशाला? मीच तर अडकवलं होतं."

"म्हणून त," तो म्हणाला. "उचला, जड हाय."

खरंच जड होतं. मी वाकून जोर लावला, मध्ये ते अडलं, तेव्हा त्याने शेजारी येऊन खांदा दिला आणि पत्रा खडखडत वरपर्यंत गेला. आत भिंतीवर पाने ओळीने टांगलेले होते. तो एकेकाला हात लावत आत चालत गेला, आणि मी दारात धूळभरल्या हातांनी हसत उभा राहिलो.