फूटभर सरकलेली बस

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी एका एसटी आगारात लिपिक झालो, त्या वर्षीची ही गोष्ट. ईट गावच्या थांब्यावर बसमधून उतरताना एक वृद्धा पडली. चालकाने अहवाल लिहून आणला : “म्हातारी धपकन पडली. गाडी जरा हलली आसंल. मला लई वाईट वाटलं.”

“हा कागद वरून परत येईल,” मी म्हणालो. “‘आसंल’ चालत नाही. किती सरकली?”

“फूटभर. पण तेवढं गाळा की, साहेब. निलंबन झालं तर घरी बसावं लागंल.”

ते गाळता येणार नव्हते. मी लिहिले : “सदर महिला प्रवासी उतरत असताना बस सुमारे एक फूट पुढे सरकली व त्या तोल जाऊन खाली पडल्या.” वाईट वाटण्याला अहवालात जागा नव्हती. म्हणून विचारले, “मग तुम्ही काय केलंत?”

“उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर येईस्तोवर तिथंच बसलो.”

मी पुढे लिहिले : “सदर प्रवाशास मी तत्काळ रुग्णालयात नेले व डॉक्टर येईपर्यंत तेथे उपस्थित होतो.”

चालकाने कागद दोनदा वाचला. “हे खरंय,” तो म्हणाला, आणि त्याने सही केली.