भिंतीत नसलेलं फॉस्फेट

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी कोल्हापुरात जिवाणूंच्या भिंती फोडत होते. गगनबावड्याला घरी कुणी विचारलं की वडील सांगायचे, "पोरगी जंतूंचं शिकतीय." त्यावर समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, लग्नाचा. म्हणून मी घरी जाणंच कमी केलं होतं. उचगावात एक खोली घेतली होती. घरमालकीणबाई भाडं घ्यायला आली की महिन्याचं आमचं बोलणं आटोपत असे. विभागात माझ्याबरोबर संशोधन करणारे दोघे होते. दोघे पुरुष, दोघांचा चहा बाहेरच्या टपरीवर. तिथं मी जाऊन उभं राहावं असा तो काळ नव्हता, आणि त्यांनीही कधी बोलावलं नाही. तेव्हा मी म्हणायचे, मला एकटं बरं वाटतं. साफ खोटं.

माझ्याशी बोलणारं माणूस एकच होतं, काचसामान धुणारे चाचा. साठीला आलेले, हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं येत. दुपारी धुण्याच्या खोलीत आम्ही दोघं डबे उघडायचो. त्यांच्या बायकोनं दिलेलं वांग्याचं कालवण ते आधी माझ्या झाकणात वाढत आणि मग म्हणत, "खावा ताई, न्हायतर त्या जंतूसारखं वाळून जाशीला."

त्यांना माझं काम समजून घ्यायचं असे. मी सांगायचे, ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूची भिंत जाड असते. साखरेच्या लांब साखळ्या, त्या एकमेकींना आडव्या दुव्यांनी बांधलेल्या, असे थरावर थर. पुष्कळ जिवाणूंत त्या थरांमधून टायकॉइक आम्लाचे धागे गेलेले असतात. फॉस्फेट आणि ग्लिसरॉल, पुन्हा फॉस्फेट, पुन्हा ग्लिसरॉल, अशी ओळ. आणि लायसोझाइम, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात, डोळ्यांच्या पाण्यात असतं ते, साखरेच्या साखळीतला ठरावीक जोड कापतं. पुरेसे जोड तुटले की भिंत आतला दाब पेलत नाही आणि जिवाणू फुटतो.

"म्हंजे रडलं की जंतू मरत्यात व्हय?" चाचांनी विचारलं होतं.

"काही मरतात. सगळे नाही."

"मग बायकांचं डोळं लई साफ असतील की," ते म्हणाले, आणि मी खूप दिवसांनी हसले.

सगळे का मरत नाहीत, हाच माझा विषय होता. मायक्रोकॉकस नावाचा एक पिवळा जिवाणू लायसोझाइमपुढं अगदी गरीब. त्याचं दुधासारखं गढूळ पाणी नळीत घ्या, लायसोझाइमचे थेंब टाका, बघता बघता नळी नितळ होते. स्टॅफिलोकॉकस मात्र ढिम्म हलत नाही. त्याच्या साखरेवर ॲसिटिल गट बसलेले असतात, ही त्याची ढाल तेव्हा माहीत झाली होती. टायकॉइक आम्लही आडवं येत असावं, असं आमच्या सरांचं, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं. मायक्रोकॉकसच्या भिंतीत टायकॉइक आम्ल नसतं, असं पुस्तकं सांगत. मला ते नुसतं पडताळून बघायचं होतं.

आणि मला तिथं टायकॉइक आम्ल सापडलं! भिंती स्वच्छ करून आम्लात उकळल्या, त्यात मॉलिब्डेट घातलं, की फॉस्फेट असेल तर निळा रंग येतो. बॅसिलस या जिवाणूच्या भिंतीत टायकॉइक आम्ल असतंच, त्याच्या नळ्या निळ्या आल्या, त्या यायलाच हव्या होत्या. पण मायक्रोकॉकसच्याही आल्या. फिक्या, पण निळ्या. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. सर खुर्चीतून उठले. "पुस्तकं चुकलीत, बाई," म्हणाले. टायकॉइक आम्ल असेल तर कागदावरच्या चाचणीत ग्लिसरॉलचाही ठिपका उमटायला हवा; तो उमटत नव्हता, तो "पुढं उमटेल" असं ठरलं. शोधनिबंधाचा मसुदा टाइपही झाला. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती, आणि या निबंधावर ती आणखी दोन वर्षं मिळणार होती. नाही मिळाली तर गगनबावडा आणि लग्न.

ठिपका मात्र मनातून जाईना. एका रविवारी विभागात मी एकटीच होते. तेव्हा लक्षात आलं की कोरा नमुना, ज्यावर रंगाची गडदता मोजणारा कलरीमीटर शून्याला लावायचा, तो मी थेट यंत्राच्या काचेत बनवत होते. उकळायच्या नळीतून तो कधी गेलाच नव्हता. मी उकळायच्या सहा नळ्या घेतल्या, त्यात नुसतं ऊर्ध्वपातित पाणी घालून सगळी कृती केली. सहाच्या सहा निळ्या. पेटीतल्या कोऱ्या करकरीत नळ्यांत केलं, एकही निळी नाही. फॉस्फेट भिंतीत नव्हतं, ते नळीच्या काचेला चिकटलेलं होतं. धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असतं.

मी स्टुलावर बसले. कारण ती पावडर कुठून आली, हे मला माहीत होतं. पूर्वी चाचा क्रोमिक आम्लानं नळ्या धूत. त्यानं त्यांच्या बोटांची सालं निघत, भाकरी मोडताना ते तोंड वाकडं करत. एकदा जेवताना मीच म्हणाले होते, "हात कशाला जाळून घेता चाचा? पावडरीनं धुवा. मला चालतंय." त्यांनी पदरमोड करून बाजारातून पावडर आणली. नळ्या लखलखत होत्या. "बगा की ताई, कशी चमक आलीया," म्हणून दाखवायलाही आणल्या होत्या.

सोमवारी मी सरांना नळ्या दाखवल्या. तेवढं धैर्य माझ्यात होतं, ते मी नाकारत नाही. त्यांनी एकेक नळी उजेडात धरून पाहिली. मग मसुदा खणात टाकला आणि चाचांना बोलावलं. ते दोघे संशोधकही दारात येऊन उभे राहिले.

"चाचा, आम्लानं धुवायचं सोडून पावडर वापरायला कुणी सांगितलं तुम्हाला? वर्ष वाया घालवलंत या मुलीचं!"

चाचांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "माजंच चुकलं, सर. हात भाजत हुतं म्हून..."

आता बोलायचं, असं माझं मन सांगत होतं. मी हातातली नळी बघत राहिले. मी सांगितलं असं म्हटलं, तर वर्ष मीच घालवलं हे ठरलं असतं, आणि शिष्यवृत्तीसाठीचं शिफारसपत्र सरच लिहिणार होते.

दुपारी धुण्याच्या खोलीत गेले. चाचा आम्लाच्या बरणीपाशी होते. "चाचा, मी सरांना सांगते," म्हटलं.

"नगो. तुमाला शिकायचं हाय. माजं काय, चार वरसं राह्यल्यात." मग म्हणाले, "डबा खाल्ला मी मगाशी."

त्यांनी कधीच माझ्याआधी डबा खाल्ला नव्हता. मी तशीच सरांच्या दारापर्यंत गेले. वाक्य तोंडात तयार होतं. सरांनी मान वर केली, "काय हो?"

"सर, मॉलिब्डेट संपत आलंय," मी म्हणाले.

पत्र मिळालं, शिष्यवृत्तीही मिळाली. आम्लात धुतलेल्या नळ्यांत मायक्रोकॉकस कोरा निघाला, पुस्तकांत होतं तसाच. प्रबंध झाला, पुढं मी तीसेक वर्षं शिकवलं. कोरा नमुना त्याच नळ्यांतून न्या, हे प्रत्येक तुकडीला बजावलं, आणि का ते विचारलं की म्हणायचे, एकदा धुणाऱ्याची चूक झाली होती.