अक्काच्या भिंतीतली उघडी खिडकी

आमच्या ह्यांना लाज फार. म्हणजे निर्लज्ज नाहीत हे चांगलंच, पण लाजेलाही काही माप असावं की नाही? लहानपणी शाळेत डब्यात डांगर-पचडी दिली तर हे पिंपळामागे जाऊन खायचे, कारण वर्गातली मुलं विचारतील ते काय आहे. बसमध्ये मी मराठीत बोलले की हळूच म्हणायचे, तमिळमध्ये बोल, लोक बघताहेत. अहो, तीनशे वर्षं झाली आपल्याला इथं तंजावरकडे येऊन, आता कोण बघणार आहे? पण गुरुमूर्तींना समजवायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सरकारी कचेरीत जन्म गेला, इस्त्रीच्या वेष्टीला, म्हणजे धोतराला, कधी सुरकुती पडू दिली नाही, आणि रिटायर झाल्यावरही घराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी आरशासमोर.

त्यांची थोरली बहीण शांभवी. आम्ही सगळेच तिला अक्का म्हणतो. लग्न केलं नाही, ओरत्तनाडूच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. रिटायर झाल्यावरही तिथंच गच्चीखालच्या भाड्याच्या खोलीत राहिली. वरची गच्ची दिवसभर तापायची नि रात्रभर ती उष्णता खाली सोडायची. दोन उन्हाळे तिला चक्कर आली, दुसऱ्यांदा पडली तेव्हा डॉक्टरनं सांगितलं की हिला गारव्यात ठेवा, नाहीतर पुढचा उन्हाळा अवघड. एसी लावला तर मे महिन्यात करंट जातो. मग ह्यांनी ठरवलं, पापनाशमला आपल्या घरामागे जी मोकळी जागा आहे तिथं अक्काला छोटंसं घर बांधायचं. बहिणीवर जीव होता त्यांचा, हे मी खोटं कशाला सांगू.

घर कसलं बांधायचं हे अक्कानं ठरवलं. तिची एक जुनी विद्यार्थिनी आहे, हरिता, इंजिनिअर. माती नि पेंढ्याची घरं बांधते. ती म्हणाली, तुमच्याच शेतात मशीन भाताचा पेंढा दाबून गठ्ठे बांधतं ना, त्याच गठ्ठ्यांची भिंत करू. आमच्या ह्यांना ते रुचलं नाही. वैक्कोलाची भिंत, म्हणजे आपल्याकडे गाईला घालतात त्याची. पण अक्कानं हट्ट धरला नि हरितानं सांगितलं की पेंढ्यात हवा अडकून राहते, तीच ऊन आत येऊ देत नाही. नऊ इंची विटेची भिंत जेवढं अडवते त्याच्या दहापट तरी ही अडवते. फक्त छपरावरूनही ऊन यायला नको, म्हणून कौलांखालीही पेंढा भरू.

आणि खरंच झालं ते घर. हरितानं एकेक गठ्ठा हातानं उचलून बघितला. हलका तो घेतला, जड लागला की आत ओल आहे म्हणून परत पाठवला. गुडघाभर उंच दगडी जोतं बांधलं, त्यावर डांबराचा कागद अंथरला, त्यावर दोन लाकडी पट्ट्या नि मधे खडी. म्हणजे चुकून पाणी शिरलंच तर खडीतून निघून जाईल, गठ्ठ्याचा तळ कोरडा राहील. मग विटांसारखे सांधे चुकवत गठ्ठे रचले, बांबूनं एकमेकांत खोचले. आतून-बाहेरून चिकणमातीत चिरलेला पेंढा मिसळून गिलावा, वरून चुन्याचा हात. सिमेंट का नाही, असं मीच विचारलं. हरिता म्हणाली, भिंतीत थोडीफार ओल शिरतेच, माती नि चुना ती बाहेर सोडतात, सिमेंट कोंडून ठेवतं. वळचण अशी लांब काढली की पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. आणि भिंतीच्या आतल्या बाजूला एक वीतभर चौकोन न लिंपता तसाच सोडला, लाकडी चौकट नि काच लावून. आत पिवळाधमक पेंढा दिसायचा. अशा घरांत अशी एक खिडकी सोडायची रीत आहे म्हणे, येणाऱ्याला कळावं की भिंतीच्या पोटात खरंच काय आहे.

कत्तरीच्या, म्हणजे मे महिन्यातल्या ऐन उन्हात आमच्या घरात पंख्याची हवासुद्धा चटके द्यायची, आणि अक्का मागे दुपारची पदर अंगावर घेऊन झोपायची. मीही निमित्त काढून तिकडे जाऊन लवंडायचे. त्या उन्हाळ्यात तिला एकदाही चक्कर आली नाही.

मग आमच्या मुलीचं, लक्ष्मीप्रियाचं लग्न ठरलं. तंजावरच्या राजवाड्याजवळच्या गल्लीतलं स्थळ, माणसं भली, आणि साखरपुडा आपल्या दारात करायचा असं ठरलं. त्याआधी ह्यांचे चुलतभाऊ व्यंकोजी अक्काचं घर बघून गेले. त्या खिडकीपुढे उभे राहून हसले नि म्हणाले, "गुरू, थोरल्या बहिणीला गोठ्यात ठेवलंस होय रे?" चेष्टाच होती. व्यंकोजी स्वतःच्या टकलाचीही चेष्टा करतात. पण ह्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात गवंडी आला. अक्काच्या घराला बाहेरून सिमेंटचा गिलावा, त्यावर पाणी न शिरणारा चकचकीत रंग. पाहुण्यांच्या खुर्च्या नीट बसाव्यात म्हणून मागचं अंगण भर टाकून उंच केलं नि त्यावर फरशी. गुडघाभर जोत्याचं चार बोटं राहिलं. खिडकीवर आमच्या घरातलं, लोण्याचा गोळा धरलेल्या कृष्णाचं तंजावर चित्र टांगलं. मी म्हटलं, हरिताला विचारा तरी. म्हणाले, तिला काय, चार लोकांना तोंड मला दाखवायचंय. अक्का एकदाच बोलली की भिंतीला श्वास घ्यायला जागा ठेव. मग ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून आत चहा टाकायला गेली. साखरपुडा थाटात झाला. कुणी त्या भिंतीकडे वळूनही बघितलं नाही. सगळे लाडू नि नवऱ्या मुलाचा पगार ह्यांतच गुंग होते.

ऑक्टोबरच्या मध्यावर ऐप्पसी महिना लागला नि आमच्याकडचा खरा पाऊस सुरू झाला. फरशीवर पडलेलं पाणी उडून भिंतीला लागायचं, जोत्यापाशी तळं साचायचं. त्याच सुमारास अक्काला सांब्राणीचा, म्हणजे लोबानाच्या धुपाचा, सोस लागला. आधी शुक्रवारी पूजेला तेवढा धूप करायची, आता रोज, सकाळ-संध्याकाळ. मी चेष्टा केली की अक्का, तुमच्या घरात देव गुदमरेल. ती नुसती हसली. हसता हसता खोकली. मग खोकला थांबेना. आम्हाला वाटलं, पाऊसपाण्याचा आहे, शिवाय धूर कमी आहे का. हे काढे आणून द्यायचे, धूर बंद कर म्हणून रागवायचे. ती ऐकेना.

एके दिवशी दुपारी हे तिला काढा द्यायला गेले. मी मागोमाग फुलं घेऊन. धूपदाणीतला निखारा विझला होता, धूर नव्हता. दारातच हे थबकले. वास आला, ओल्या गवताचा नि कुबट. ते वाकले नि पलंगाजवळच्या भिंतीला तळाशी हात लावला. चुन्यावर काळपट डाग होता. बोटानं जरासं दाबलं, तर बोट आत गेलं. बाहेर काढलं तर नखात काळा, मऊ लगदा. पेंढ्याचा पिवळा रंग कुठं नव्हताच.

अक्का पलंगावर बसून बघत होती. ह्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीआधीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

अक्का म्हणाली, "सांगितलं असतं तर भिंत फोडावी लागली असती. लग्नाच्या माणसांची ये-जा चालू आहे. चारचौघांत तुला मान खाली घालावी लागली असती, गुरू. लहानपणापासून तुला ते सोसत नाही."

हे तसेच जमिनीवर बसले. इस्त्रीच्या वेष्टीत, त्या ओल्या भिंतीला टेकून. म्हातारपणी बहीण धुपानं वास झाकत कुबट हवेत खोकत बसली, का तर धाकट्या भावाला लाज वाटू नये. मला त्यांचा संताप आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. आपल्याकडे म्हणतात ना, जनाची नाही तर मनाची तरी. ह्यांनी जन्मभर जनाचीच सांभाळली. मनाची त्या दिवशी पहिल्यांदा वाटली असावी, आणि ती कशी झेलायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. अक्काच्या पायाला हात लावायला गेले, तिनं पाय मागे घेतले.

अक्काला आमच्या घरात हलवलं. हरिता आली. लांब सळईचं ओल मोजायचं यंत्र भिंतीत ठिकठिकाणी खुपसून बघितलं. रागावली नाही, तेच ह्यांना जास्त लागलं. तळचे गठ्ठे तीन बाजूंनी गेले होते, वरचे बहुतेक शाबूत होते. म्हणाली, आधी अंगण पूर्वीसारखं खाली घ्या, पाण्याला बाहेर वाट द्या, जोत्याभोवती खडीचा पट्टा करा. सिमेंट सगळं उतरवा. भिंत सुकली की छपराला टेकू देऊन सडलेले गठ्ठे कापून काढू नि नव्या पिकाचे कोरडे घालू. पोंगलनंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, पाऊस संपलेला असतो, तेव्हाच.

फरशी उखडायला माणसं लावली, पण सिमेंट उतरवायला हे स्वतः बसले, छिन्नी-हातोडी घेऊन. लक्ष्मीप्रियाच्या सासरची माणसं पत्रिका ठरवायला आली तेव्हाही उठले नाहीत. व्याह्यांनी विचारलं, हे काय चाललंय? हे त्या धुळीतूनच म्हणाले, "बहिणीचं घर पेंढ्याचं आहे, मला त्याची लाज वाटली. म्हणून वरून झाकलं, नि आतून कुजवलं." व्याह्यांनी कप खाली ठेवला. चहा थंड झाला. मी आत जाऊन डोळे पुसले. खोटं कशाला सांगू, मलासुद्धा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मासी महिन्यात, फेब्रुवारी संपता संपता, अक्का परत आपल्या घरात गेली. खोकला बराचसा गेलाय, जिना चढली की अजून उबळ येते. ते पूर्ण जाईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. कृष्णाचं चित्र ह्यांनी आपल्या हातानं उतरवून आमच्या घरात आणून लावलं. खिडकीतून आत नव्या पिकाचा पेंढा दिसतो.

परवा शुक्रवारी अक्कानं हळदीकुंकवाला बायका बोलावल्या होत्या. व्यंकोजीही बायकोला सोडायला आलेले. अक्कानं पूजेला सांब्राणी लावली, शुक्रवारी लावतोच आपण. धुराचा वास बाहेर ओट्यापर्यंत आला आणि हे बोलता बोलता उठले. बायकांच्या घोळक्यातून आत गेले, गुडघ्यांवर बसले, आणि पलंगापासून दारापर्यंत भिंतीच्या तळाला नाक लावत हुंगत गेले. बायका पदर सावरत बाजूला झाल्या. अक्का म्हणाली, "गुरू, ऊठ, शुक्रवारचा धूप आहे नुसता." पण हे दारापर्यंत गेल्यावरच उठले. वेष्टीच्या गुडघ्यांवर चुना लागला होता, तो त्यांनी झटकला नाही.